वर्णाच्या रकान्यात काय लिहायचं? गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी

कोरांटी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. भाचीसाठी स्थळं बघायला घेतली आहेत. सांगलीतल्या एका वधूवर सूचक मंडळाचा छापील फॉर्म आणलाय. नाव, गोत्र, नाडी, गण, उंची, शिक्षण, पगार इथपर्यंत सगळं सुरळीत झालं. मग आला 'वर्ण'. पुढे चार चौकोन: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. एकावर खूण करायची.

भाची सावळी आहे. घरात हा शब्द कुणाला खटकत नाही, तिला स्वतःलाही नाही. पण फॉर्म समोर आल्यावर ताईने पेन्सिलीने 'गव्हाळ'वर खूण केली. मुलीची आत्या तिथेच बसली होती. ती म्हणाली, "निमगोरी टाक वहिनी. वाचणारा एक पायरी खाली धरूनच वाचतो. गव्हाळ लिहिलंस तर सावळी समजतील आणि सावळी लिहिलंस तर काळी समजून फोनसुद्धा करणार नाहीत." भाची म्हणते, रकाना रिकामा सोडा नाहीतर मी फॉर्म फाडते. फॉर्म सध्या फ्रिजवर पडून आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुमच्याकडे हे शब्द नेमके कुणाला लावतात? आणि आत्या म्हणते तो एका पायरीचा हिशोब खरंच सगळीकडे चालतो का? मंडळात काम केलेलं कुणी असेल तर जरूर लिहा.

ज्योतिषप्रेमी

ताई, गोंधळ होतोय तुमचा. वर्ण राशीवरून ठरतो. कर्क, वृश्चिक, मीन ब्राह्मण वर्ण. मेष, सिंह, धनु क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. छत्तीस गुणांत याला एकच गुण आहे, त्यामुळे एवढं मनाला लावून घेऊ नका. भाचीची रास सांगा, मी लिहून देतो.

कोरांटी

अहो दादा, पुढे गोरा-सावळा असे चौकोन आहेत हो. राशीचा रकाना वरती वेगळा आहे, तो भरून झालाय.

मंदाकाकू

मी ठाण्याला एका मंडळात बरीच वर्षं फायली सांभाळल्या, म्हणून लिहिते. आत्याबाईंचा हिशोब शंभर टक्के बरोबर आहे. आणि तो दोन्ही बाजूंना माहीत असतो, म्हणून तर चालतो.

आमच्याकडे 'गव्हाळ'चा गठ्ठा सगळ्यात जाड. मुलगी गव्हाळ असली तर आई निमगोरी लिहायची, सावळी असली तर गव्हाळ, आणि जिला शेजारीपाजारी सरळ काळी म्हणतात तिच्या फॉर्मवर सावळी. 'काळा' हा चौकोन मी कुठल्याच फॉर्मवर पाहिला नाही. छापणाऱ्यालाही ठाऊक, तो कोण भरणार? म्हणजे खालची पायरी कागदावर नाहीच, आणि त्यामुळे 'सावळी' आपोआप सगळ्यात खाली जाऊन बसते. तोच शब्द घरात लाडाचा असतो, फॉर्मवर मात्र तो शेवटचा चौकोन.

दुसरं म्हणजे मुलाच्या फॉर्मवर हा रकाना निम्म्या वेळा कोराच यायचा, आणि मुलीकडच्यांनी कधी विचारलंही नाही. मुलगा काळासावळा असला तरी "मुलाचं रूप कोण बघतं, नोकरी बघा". त्याच मुलाच्या 'अपेक्षा' या ओळीत मात्र त्याची आई सांगायची, "लिहा, गोरी किंवा निमगोरी." चिरंजीव बाजूला मोबाईल बघत बसलेले.

एक उदाहरण सांगते, ओळख पटणार नाही इतपत. मुलगी बँकेत, फॉर्मवर गव्हाळ. फोटो स्टुडिओतला, चांगला उजेड मारून काढलेला. पत्रिका आधीच बघून झाली होती, 28 गुण, दोन्हीकडे पसंत. मग कांदेपोहे. संध्याकाळची वेळ, दिवाणखान्यात ट्यूबलाइट. दोन दिवसांनी मुलाच्या आईचा मंडळात फोन. आधी भरभरून कौतुक, मुलगी किती हुशार, घर किती छान, पोहे किती मऊ. आणि मग, "पण पत्रिका आम्ही परत दाखवली, गुरुजी म्हणाले जरा अडचण आहे." मी समजायचे ते समजले. जुळलेली पत्रिका बघण्याचा कार्यक्रम झाल्यावर बिघडली की कारण कधीच पत्रिकेत नसतं. फार खोदलं तर "फोटोत वेगळी वाटली होती" एवढं निघतं. 'काळी आहे' असं तोंडाने कुणीही म्हणत नाही. म्हणून नंतर नंतर मी मुलीकडच्यांना सांगायला लागले, फोटो घराच्या अंगणात, दिवसाउजेडी काढा. ज्यांना यायचंय ते तरीही येतात, आणि पोह्यांचा खर्च वाचतो.

शब्दवेडा

काकू, फॉर्मचं झालं. मी बोलण्यातलं सांगतो.

मराठीत काळा शब्द एकटा फार वाईट नाही, त्याला शेपूट कुठलं लागतं त्यावर सगळं ठरतं. केस आणि डोळे काळेभोर. जमीन काळीशार, आणि तिला आपण काळी आई म्हणतो. पण माणसाच्या कातडीवर आलो की काळाकुट्ट, काळाठिक्कर, काळाकभिन्न, कुळकुळीत. काळीभोर मुलगी असं कुणी म्हणत नाही, म्हटलं तर ऐकणारा केसांकडे बघेल. उलट बाजूला गोरीपान, गोरीगोमटी, लख्ख गोरी. म्हणजे कौतुक आणि हेटाळणी त्या शेपटातच भरलेली आहे, वेगळं वाक्य बोलायची गरजच नाही.

आणि गोरा म्हणजे पांढरा नव्हे हेही बघा. पांढरा हा माणसाला लावला की शिवीच. पांढरीफटक म्हणजे अंगात रक्त नसलेली, पांढरी पाल हा टोमणा, पांढऱ्या पायाची म्हणजे अपशकुनी. गोरा, गव्हाळ, सावळा हे शब्द माणसांसाठी आणि देवांसाठीच राखून ठेवलेले आहेत. गोरं कापड, गव्हाळ भिंत असं आपण म्हणत नाही. वस्तूला रंग असतो, माणसाला 'वर्ण' असतो, आणि त्यात निवाडा आधीच झालेला असतो.

क्रियापदं बघा. रंग उजळतो, खुलतो. उलट दिशेला जाताना तो दबतो, माणूस काळवंडतो, करपतो, रापतो. एक दिशा लग्नसमारंभाची, दुसरी आजारपणाची नाहीतर उन्हात राबण्याची.

सह्यकडा

हे सगळं इंग्रजांनी आणलं. दीडशे वर्षं गोऱ्या साहेबाची गुलामी केली, म्हणून गोरा म्हणजे श्रेष्ठ हे डोक्यात बसलं. त्याआधी आपल्याकडे असं काही नव्हतं. आपला विठोबा काळा, राम सावळा, कृष्ण तर नावातच काळा. लाखो लोक पायी चालत जाऊन काळ्या देवाच्या पायावर डोकं ठेवतात. मराठी माणूस मुळात रंग बघणारा नाहीच.

शब्दवेडा

अर्धं मान्य. 1857 च्या धामधुमीत गोडसे भटजी उत्तरेत फिरत होते, त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये 'गोरे' म्हणजे सरळ इंग्रज सैनिक. म्हणजे त्या शब्दाला सत्तेचा वास तेव्हाच लागलेला होता, हे खरं. पण 'त्याआधी काही नव्हतं' हे टिकत नाही. गोरा हा गौरवरून आला, आणि संस्कृतात गौर म्हणजे पांढुरका, पिवळसर, उजळ. आपली गौर हळदीच्या रंगाची. जुन्या वर्णनांतली देखणी बाई केतकी वर्णाची, म्हणजे केवड्याच्या पानासारखी पिवळसर गोरी. तिचा इंग्रजांच्या लालबुंद गोरेपणाशी काही संबंध नाही. नवरीला हळद लावली की 'रंग चढला' म्हणतात, तेही इंग्रजांनी शिकवलेलं नाही.

विठोबाचं म्हणाल तर मूर्ती काळ्या दगडाची, पण भजनात जीभ 'सावळा' म्हणते. देवाच्या बाबतीतसुद्धा आपण एक पायरी चढवूनच बोलतो. शिवाय त्याला पांडुरंगही म्हणतो, आणि पांडुर म्हणजे फिकट पांढरा. (या नावाचं मूळ काहीजण कानडी स्थळनामात शोधतात, तो वेगळ्या धाग्याचा विषय.)

सह्यकडा

देवाला मधे आणून पायऱ्या मोजणं मला तरी पटत नाही. भक्तीने म्हटलेला सावळा आणि फॉर्मवरचा सावळा एकच कसा? उच्चार एक, भाव वेगळा. बाकी चालू द्या.

वऱ्हाडी ठेचा

आमच्याकडं ळ चा य होते, त्याच्यानं 'काया'. मायी आजी मले लहानपणी 'काया मानूस' म्हनूनच हाका मारे, आन् त्याच्यात रागबिग काही नसे. कापसाच्या वावरात दिवसभर राहणारा मानूस काया नाही होनार तं काय होईन? पन मायी बहीन पाहाले पाव्हने येत तवा तेच आजी तिले चार दिवस आधीपासून उन्हात जाऊ देत नसे. दुधाची साय आन् बेसन लावाले बसवे. वावरातलं काम तवा मीच करो.

सह्यकडा भाऊ, भाव वेगळा अस्ते हे खरं हाय. पन आजी तेच, तोंड तेच, शब्द बी तेच. पोरगं असलं की एक भाव, पोरगी असली की दुसरा.

अलिबागकर

गोरा-काळा हे शब्द कातडीपासून किती लांब जाऊ शकतात याचं एक उदाहरण आमच्या भागातलं आहे, ते फार लोकांना माहीत नसतं.

अलिबागच्या आसपासच्या गावांत बेने इस्राएली राहायचे. मराठी बोलणारे ज्यू. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्यातच दोन भाग होते, गोरे इस्राएली आणि काळे इस्राएली. आई-बाप दोघेही समाजातले असले की गोरे. बाप समाजातला आणि आई बाहेरची, अशा घरांची संतती काळी. एकमेकांत लग्नं होत नसत, प्रार्थनेच्या ठिकाणीही वेगळेपणा पाळायचे. आता यात काळ्यांतला एखादा दिसायला उजळ आणि गोऱ्यांतला एखादा चांगला सावळा असायला काहीच हरकत नव्हती, कारण शब्द रंगाचा असला तरी मोजमाप वंशाचं होतं. 1948 नंतर बहुतेक मंडळी इस्राएलला गेली. आमच्या आजोबांच्या पिढीला हा भेद तोंडपाठ होता.

गावातल्या बाकीच्या लोकांचंही तेच. 'काळा बामण, गोरा शूद्र' अशी सुरू होणारी एक म्हण आहे, ती पुढे काय म्हणते ते इथे लिहीत नाही. पण तिचा अर्थ असा की कुणी कुठल्या रंगाचं असायला हवं हे जातीवरून आधीच ठरलेलं, आणि त्यात न बसणारा माणूस संशयाचा. कोकणस्थ म्हटलं की घारागोरा, हा त्याच म्हणीचा सभ्य भाऊ.

शब्दवेडा

अलिबागकर, हे इथे आणलंत ते फार बरं केलंत. म्हणजे गोरा हा शब्द रंग सांगतो त्यापेक्षा 'आमच्यातला' हे जास्त सांगतो.

अलिबागकर

तिथपर्यंत मी जाणार नाही. वधूवर फॉर्मवर जातीचा रकाना वेगळा असतोच की. एकाच जातीतल्या, एकाच पोटजातीतल्या दोन मुलींमध्येही गोरीला आधी फोन येतो. तिथे तुमचं 'आमच्यातला' लागू पडत नाही.

काजळी

पुरुषांचं कुणी बोलत नाही म्हणून माझं सांगतो. शाळेत मला पाचवीपासून 'काळ्या'. मास्तरसुद्धा हजेरी घेताना नाव विसरले की "तो काळ्या कुठाय?" आज चाळिशी उलटली, गावी गेलो की पारावरून तीच हाक येते आणि मी ओ देतो. त्या चारपाच जणांनी म्हटलेलं मला खरंच चालतं. पण पुण्यात कंपनीत एकाने चेष्टेत तेच म्हटलं तेव्हा कानशिलं तापली. शब्द तोच. पारावरच्यांनी माझ्याबरोबर विहिरीत उड्या मारल्यात, याने नाही.

लग्नात मात्र मला कुणीही रंग विचारला नाही, मंदाकाकू म्हणतात ते खरं आहे. बायको निमगोरी. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातच माझ्या आत्याने बाळाच्या कानाची पाळी उलटून बघितली आणि जाहीर केलं, "बापावर जाणार." जन्मतः बाळ गुलाबी असतं, खरा रंग पुढच्या काही महिन्यांत येतो आणि कानाच्या कडेला तो आधी दिसतो असं ह्या बायकांचं शास्त्र. बायकोला नऊ महिने केशर घातलेलं दूध पाजलं होतं, त्याचा खर्च माझा. त्या आत्याला मी काही बोललो नाही. बायको बोलली.

त्वचावाला

कानाच्या पाळीचं अगदी टाकाऊ नाही. नवजात बाळाच्या त्वचेत रंगद्रव्य हळूहळू तयार होतं, त्यामुळे रंग नंतर गडद होतो आणि कान, नखांच्या मुळाशी तो आधी जाणवू शकतो. केशराने मात्र काही होत नाही, पोटात गेलेलं केशर बाळाच्या कातडीपर्यंत पोचत नाही. रंग आई-बापांच्या अनेक जनुकांवर ठरतो, त्यामुळे सख्ख्या दोन बहिणींत एक गव्हाळ आणि एक सावळी हे रोजचं आहे. आणि मग घरात त्या दोघींची नावं विसरून 'गोरी' आणि 'सावळी' हीच ओळख होते, ते माझ्या खुर्चीसमोर बसून ऐकावं लागतं.

धागाकर्तीला एक विनंती. लग्न ठरवायच्या काळात मुली दुकानातून परस्पर गोरं करणाऱ्या ट्यूब आणतात. त्यातल्या काहींत स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा खरंच उजळ दिसतो, म्हणून विश्वास बसतो. मग त्वचा पातळ होते, उन्हात लाल होते, पुटकुळ्या आणि लव येते आणि ट्यूब बंद केली की जास्त भडकते. ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांतलं काही लिहिलेलं असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय चेहऱ्याला लावू देऊ नका.

नवी_सून

मी पहिल्यांदाच लिहितेय. मला 'पण' या शब्दाचा राग आहे. "सावळी आहे पण तरतरीत आहे." "सावळी आहे पण नाकीडोळी नीटस." "सावळी आहे पण फोटोत छान येते." माझ्या सासूबाई प्रेमळ आहेत, त्यांनी मला दुखवायला कधीच काही म्हटलेलं नाही, पण नव्या माणसाशी ओळख करून देताना हे 'पण' आपोआप येतं. धाकट्या जावेची ओळख करून देताना "गोरी आहे आणि इंजिनीअर आहे". तिला 'आणि', मला 'पण'. एकदा मी हसत विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अगं मी तर तुझं कौतुकच करत होते!" आणि त्यांना ते खरंच तसं वाटत होतं.

सह्यकडा

जुनी म्हण ऐकली आहे का ताई, 'काळी बेंद्री एकाची, सुंदर बायको लोकाची'? आणि 'गोरागोमटा, कपाळकरंटा'? आपल्या लोकांनी गोऱ्यांनाही सोडलेलं नाही.

नवी_सून

ऐकली आहे. पहिलीत काळी बाई कुणाला नकोशी म्हणून ती एकाची राहते, आणि सुंदर बाई सगळ्यांच्या डोळ्यांवर असते म्हणून भरवशाची नाही. यात सुटलं कोण? म्हण करणारा सोडून.

कायद्याचंबोला

रंगावरून टोमणे मारले तर तक्रार करता येते असं बऱ्याच जणांना वाटतं. 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगून टाकलंय, बायकोला काळी म्हणणं गुन्हा नाही. सातारा जिल्ह्यातल्या प्रकरणात नवऱ्याला सोडलं. बातमी वाचा.

मंदाकाकू

वाचली होती मी ती, आणि इतकी सरळ नव्हती. प्रकरण नव्वदच्या दशकातलं. सुनेने जीव दिला, नवऱ्याला खालच्या कोर्टात शिक्षा झाली आणि सुटायला जवळपास सत्तावीस वर्षं गेली. रंगावरून आणि स्वयंपाकावरून बोलणं हे घरगुती भांडण आहे, कलम 498 अ ला लागते तेवढ्या तीव्रतेचा छळ यातून सिद्ध होत नाही आणि आत्महत्येला त्याने भाग पाडलं असंही दिसत नाही, असं उच्च न्यायालय म्हणालं. 'काळी म्हणायला मोकळीक' असं कुठे म्हटलेलं नाही.

कायद्याचंबोला

शेवटी सुटलाच ना? मग घरोघरी अर्थ तोच घेतला जाणार.

कोरांटी

सगळ्यांचे आभार. थोडं पुढचं सांगते. 2020 च्या जूनमध्ये शादी डॉट कॉमने त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढून टाकला होता हे मला आठवत होतं. त्याच वर्षी 'फेअर अँड लव्हली'नेही नावातलं फेअर काढून ग्लो केलं. म्हणून ताईला म्हटलं, छापील फॉर्म नकोच, ऑनलाइन भरू. तिथे रकाना नाही, पण चार फोटो मागतात, आणि मोबाईल ते आपणहून एक पायरी चढवून देतो. भाचीने ब्युटी मोड बंद करून परत काढले.

सांगलीचा फॉर्म भाचीच्या हट्टाने रिकाम्या रकान्यासकट दिला. मंडळातल्या बाईंनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि आमच्यासमोरच पेनने 'गव्हाळ'वर खूण केली. म्हणाल्या, "रिकामा ठेवला की लोक काहीतरी लपवलंय समजतात." भाची काही बोलायच्या आत ताई "थँक्यू" म्हणून मोकळी झाली.

मंदाकाकू

त्या बाईंच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. आता फोन कुणाकुणाचे येतात ते बघा. आणि पत्रिका आधी बघून घेतली असेल तर तारीख टाकून लेखी कळवायला सांगा, म्हणजे नंतर गुरुजी मधे येणार नाहीत.

नवी_सून

काकू, पण लेखी घेतलं तर ते दुसरं काहीतरी कारण शोधतील. उंची आहे, नोकरीचं गाव आहे. निदान पत्रिका म्हटलं की आपल्याला नेमकं कळतं तरी.

ज्योतिषप्रेमी

भाचीची रास अजून कळली नाही.